मराठी चित्रपटाची महोत्सवासाठी सबटायटल: वाचनाचा वेळ, ओळीची लांबी आणि क्रियापदाची जागा

प्रश्न: आमचा १०८ मिनिटांचा मराठी चित्रपट महोत्सवांना पाठवायचा आहे. इंग्रजी भाषांतर पटकथेवरून करून घेतले आणि संकलकाने ते टाइमलाइनवर बसवले. मराठी न येणाऱ्या दोघांना दाखवले, तर ते म्हणाले की वाचतच राहावे लागते, माणसांचे चेहरे बघायला मिळत नाहीत. सबटायटल किती वेळ ठेवावे, ओळीत किती अक्षरे असावीत, आणि भाषांतर किती कापावे?

उत्तर:

तुमच्या दोन प्रेक्षकांनी नेमके दुखणे सांगितले आहे, आणि त्याचे मूळ बहुधा भाषांतराच्या दर्जात नसून कामाच्या क्रमात आहे. पटकथेवरून केलेल्या भाषांतराला वेळ ठाऊक नसतो. भाषांतरकारासमोर कागद असतो आणि कागदावर प्रत्येक वाक्याला हवी तेवढी जागा मिळते. पडद्यावर मात्र नट जेवढा वेळ बोलतो तेवढाच वेळ वाक्याच्या वाट्याला येतो. म्हणून आधी स्पॉटिंग, म्हणजे प्रत्येक सबटायटलची वेळ आखणे, आणि मग भाषांतर, हा क्रम मी कधीही उलटू देत नाही. पिक्चर लॉक झालेली, म्हणजे संकलन अंतिम झालेली प्रत घ्यावी, प्रत्येक संवाद कोणत्या फ्रेमवर सुरू होतो आणि कोणत्या फ्रेमवर संपतो हे रिकाम्या सबटायटलांच्या रूपात आखून घ्यावे, आणि त्या चौकटींत मजकूर लिहावा. संवादप्रधान चित्रपटात अशा हजाराच्या आसपास चौकटी निघतात. हे कंटाळवाणे काम आहे. पण ते झाले की प्रत्येक चौकटीत किती अक्षरे मावतील हे एक अक्षरही लिहिण्याआधी कळते. तुमच्याकडे भाषांतर तयार आहे, ते वाया जाणार नाही. त्याला कच्चा मसुदा समजा आणि काम पुन्हा स्पॉटिंगपासून सुरू करा.

आता वेगाचा हिशेब. सबटायटलचा वाचनवेग सेकंदाला किती अक्षरे यात मोजतात, आणि इथे अक्षर म्हणजे इंग्रजी मजकुरातले प्रत्येक चिन्ह, शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून. दूरचित्रवाणीच्या काळात रूढ झालेला जुना नियम असा की दोन पूर्ण भरलेल्या ओळी सहा सेकंद ठेवाव्यात. ओळ ३६ अक्षरांची धरली, तर तो वेग सेकंदाला १२ अक्षरांचा होतो. आज नेटफ्लिक्सच्या नियमावलीत प्रौढांसाठीच्या इंग्रजी सबटायटलला सेकंदाला २० अक्षरांपर्यंत मुभा आहे आणि ओळ ४२ अक्षरांची चालते. हे दोन्ही आकडे वाचून पुष्कळ जण २० हाच आजचा नियम समजतात. महोत्सवासाठी मी तो मानत नाही, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत. घरी बसलेला प्रेक्षक चित्रपट थांबवून मागे जाऊ शकतो, सभागृहातला जाऊ शकत नाही. बुसान, रॉटरडॅम किंवा बर्लिनच्या सभागृहात इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नसते. शिवाय मोठ्या पडद्यावर नजरेला चेहऱ्यापासून खालच्या ओळीपर्यंत आणि परत असा खराच प्रवास करावा लागतो; लॅपटॉपवर तो प्रवास जवळजवळ शून्य असतो, म्हणूनच लॅपटॉपवर तपासलेली सबटायटल नेहमी सोपी वाटतात. मी सेकंदाला १५ अक्षरे हे लक्ष्य ठेवतो आणि १७ ही वरची मर्यादा मानतो. भांडणाच्या प्रसंगात एखाद-दुसरे सबटायटल १७ च्या वर गेले तर मी ते मनावर घेत नाही, पण अशी तीन लागोपाठ आली तर प्रसंग पुन्हा लिहायला घेतो, कारण थकवा एका सबटायटलने येत नाही, सलगपणाने येतो.

ओळीची लांबी हा त्यामानाने सोपा प्रश्न आहे. जास्तीत जास्त दोन ओळी, आणि ओळीत ३८ ते ४० अक्षरे. त्याहून रुंद ओळ पुढच्या रांगांतल्या प्रेक्षकाला मान वळवून वाचावी लागते. मात्र ओळ कुठे तोडायची याकडे आकड्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे. सॉफ्टवेअर ओळ भरली की तोडते. माणूस अर्थाचा एक गट पुरा झाला की तोडतो. पुढच्या दोन मांडण्यांत शब्द तेच आहेत:

```
She told me your
mother had sold the buffalo in May.
```

```
She told me your mother
had sold the buffalo in May.
```

पहिल्या मांडणीत वरची ओळ संपते तेव्हा ‘तुझी’ काय, हे कळत नाही, त्यामुळे नजर खाली जाऊन पुन्हा वर येते. दुसऱ्या मांडणीत वरच्या ओळीत कोणी, कोणाला आणि कोणाविषयी सांगितले हे पुरे होते आणि खालच्या ओळीत काय घडले ते येते. दोन्ही पर्याय सारखेच चांगले असतील तेव्हा वरची ओळ आखूड ठेवावी, म्हणजे चित्र कमी झाकले जाते. इवार्सन आणि कॅरोल यांनी १९९८ मध्ये सबटायटलकारांसाठी जी आचारसंहिता मांडली तिच्यातही हाच सल्ला आहे. तिथलीच आणखी दोन बंधने मी पाळतो: गाण्यांचा अपवाद वगळता कोणतेही सबटायटल एका सेकंदाहून कमी आणि सात सेकंदांहून जास्त ठेवायचे नाही, आणि लागोपाठच्या दोन सबटायटलांमध्ये किमान चार फ्रेमची मोकळी जागा सोडायची. ती जागा नसेल तर मजकूर बदलला हे डोळ्याच्या लक्षातच येत नाही. सात सेकंदांच्या मर्यादेचे कारण नवख्यांना उमगत नाही. सबटायटल गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले, तर प्रेक्षक ते नकळत दुसऱ्यांदा वाचतो, आणि तेवढा वेळ त्याची नजर नटाच्या चेहऱ्यावरून हटलेली असते.

हे सारे कोणत्याही भाषेच्या चित्रपटाला लागू आहे. मराठीपुरते विशेष अवघड काय, ते एका प्रसंगावरून दाखवतो. प्रसंग सरावासाठी मीच रचलेला आहे. ओसरीवर धाकटा दीर पाट मांडून बसला आहे, ताट वाढलेले आहे, वहिनी दारात उभी राहून लगबगीने बोलते: “भावजी, तुम्ही जेवून घ्या. ते काही आज घरी यायचे नाहीत. त्यांची वाट बघत बसलात तर अन्न गार होईल.” हे बोलायला तिला साडेचार सेकंद लागतात. पटकथेवरून होणारे भाषांतर साधारण असे येते:

```
Brother-in-law, please eat your dinner.
He is not going to come home today,
and if you sit waiting for him
the food will get cold.
```

हा मजकूर सलग मोजला तर १३० अक्षरे भरतात. साडेचार सेकंदांत तो वाचायचा तर वेग सेकंदाला २९ अक्षरांच्या आसपास जातो, म्हणजे आपल्या लक्ष्याच्या जवळजवळ दुप्पट. सेकंदाला १५ च्या हिशेबाने त्याला पावणेनऊ सेकंद लागतील, आणि तेवढा वेळ वहिनीने दिलेलाच नाही. साडेचार सेकंदांना १५ ने गुणले की ६७ येतात. म्हणजे आपल्या हातात ६७ अक्षरे आहेत. त्यात काय ठेवायचे हे ठरवताना मी आधी विचारतो, की यातले चित्रात काय दिसते आहे. ताट समोर आहे, म्हणून ‘जेवण’ हा शब्द अनावश्यक. दीर दाराकडे बघतो आहे, म्हणून ‘वाट बघत बसलात तर’ हेही चित्रच सांगते. जे चित्रात नाही ते शब्दांत यायला हवे: थोरला आज येणार नाही, आणि या दोघांचे नाते काय.

‘भावजी’ या शब्दावर पुष्कळ सबटायटल अडखळतात. इंग्रजीत दिराला असे संबोधत नाहीत, त्यामुळे शब्दशः केलेले संबोधन ऐकायला विचित्र आणि लांबीला पंधरा अक्षरांचे होते. मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला, तर परक्या प्रेक्षकाला ते माणसाचे नाव वाटते. दुसरीकडे वहिनी नवऱ्याचे नाव घेत नाही, ती ‘ते’ म्हणते. मराठी प्रेक्षकाला त्या एका ‘ते’वरून नाते आणि आदर दोन्ही समजतात, इंग्रजीत नुसते सर्वनाम ठेवले, तर कोण घरी येणार नाही हा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी सुटतात:

```
412
00:41:12,000 --> 00:41:16,500
Eat before it gets cold.
Your brother won't be home tonight.
```

वरची ओळ २४ अक्षरांची, खालची ३५ अक्षरांची, एकूण ५९; वेग सेकंदाला १३ च्या किंचित वर. ‘ते’च्या जागी ‘तुमचा भाऊ’ आल्यामुळे बोलणारी कोण आणि ऐकणारा कोण हे प्रेक्षकाला याच सबटायटलमध्ये कळले, आणि संबोधन स्वतंत्रपणे भाषांतरित करण्याची गरज उरली नाही. अन्न गार होण्याचा उल्लेख मी शेवटून सुरुवातीला आणला आहे, कारण दीर घासाला हात लावतो तो पहिल्या वाक्यानंतर, आणि थोरल्याची बातमी ऐकून थांबतो. मजकुराचा क्रम नटाच्या हालचालीशी जुळला पाहिजे. मूळ वाक्यांच्या क्रमाशी तो जुळलाच पाहिजे असे नाही.

मराठी येणाऱ्या माणसाला असे सबटायटल नेहमी अपुरे वाटते, कारण तो एका कानाने मूळ ऐकत असतो आणि गळलेला प्रत्येक शब्द मोजत असतो. दिग्दर्शकांचा विरोध बहुधा इथेच होतो. मी त्यांना एवढेच सांगतो, की गळलेला शब्द प्रेक्षकाला वाचायला दिला असता, तर त्याची किंमत म्हणून नटाच्या चेहऱ्यावरचे दोन सेकंद गेले असते. यातले काय हवे ते दिग्दर्शकाने ठरवावे, पण दोन्ही मिळणार नाही हे समजून ठरवावे. काही वेळा दिग्दर्शकाचे म्हणणे खरे असते. एखादा शब्द पुढच्या प्रसंगात परत येणार असतो आणि मला ते माहीत नसते. म्हणून कापण्याआधी संपूर्ण चित्रपट दोनदा पाहणे मी सोडत नाही.

आता प्रसंगाचा पुढचा भाग, जिथे मराठी वाक्यरचनाच वेळेच्या आड येते. दीर अडीच सेकंद गप्प राहतो. मग म्हणतो, “दादांनी मला विचारलं असतं, तर मी सही केली…” इथे तो दोन सेकंद थांबतो, आणि मग हळूच म्हणतो, “…नसती.” मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे त्या दोन सेकंदांत वाक्य ‘असती’वर संपणार की ‘नसती’वर, हे वहिनीला ठाऊक नाही आणि प्रेक्षकालाही नाही. नटाने आणि संकलकाने सारा ताण त्या एका शब्दापूर्वीच्या शांततेत ठेवला आहे. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. संपूर्ण वाक्य एकाच सबटायटलमध्ये दिले, तर प्रेक्षक पहिल्या सेकंदातच नकार वाचतो आणि पुढची शांतता त्याच्यासाठी रिकामी होते. महोत्सवाच्या सभागृहात हे स्पष्ट ऐकू येते: मराठी प्रेक्षक श्वास रोखून असतात तेव्हा बाकीचे आधीच प्रतिक्रिया देऊन मोकळे झालेले असतात. विनोदी प्रसंगात हेच हसण्याच्या वेळेवरून कळते.

यावर उपाय म्हणजे वाक्य शांततेच्या जागी तोडणे, आणि पहिल्या तुकड्यात असा इंग्रजी मजकूर शोधणे जो निर्णय उघड करणार नाही. इथे काळजी घ्यावी लागते ती अशी, की पहिला तुकडा फक्त ‘त्याने विचारले असते तर’ एवढाच ठेवला तर सहीचा उल्लेख दुसऱ्या तुकड्यात ढकलावा लागतो, आणि दुसऱ्या तुकड्याला वेळ अगदी थोडा आहे. ‘नसती’ म्हणायला अर्धा सेकंद लागतो, आणि त्या शब्दाच्या सुरुवातीपासून ३० फ्रेमनंतर, म्हणजे सव्वा सेकंदाने, वहिनीच्या चेहऱ्यावर कट आहे. माझी पहिली कल्पना ‘मी सही केली नसती’ याचे पूर्ण इंग्रजी वाक्य देण्याची होती. ते २४ अक्षरांचे भरते आणि त्याला एक सेकंद आणि चौदा-पंधरा फ्रेम हवेत, म्हणजे ते कट ओलांडून आठ-नऊ फ्रेम वहिनीच्या चेहऱ्यावर जाते. असे थोडक्यात कट ओलांडणारे सबटायटल सर्वांत वाईट. चित्र बदलले की प्रेक्षकाला मजकूरही बदलला असे वाटते, तो पुन्हा वाचायला खाली जातो, आणि तेवढ्यात सबटायटल नाहीसे होते. ओलांडायचेच असेल तर कटच्या पुढे किमान बारा फ्रेम तरी जावे, नाहीतर कटच्या दोन फ्रेम आधी संपवावे. इथे वहिनीचा चेहरा हाच प्रसंगाचा शेवट आहे, तो झाकण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून सही पहिल्या तुकड्यात नेली:

```
413
00:41:19,000 --> 00:41:21,750
If he'd asked before I signed...

414
00:41:23,750 --> 00:41:24,917
I'd have refused.
```

पहिला तुकडा ३२ अक्षरांचा आणि पावणेतीन सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला १२ च्या खाली. दुसरा १७ अक्षरांचा आणि २८ फ्रेमचा. वेग सेकंदाला साडेचौदाच्या आसपास, आणि कटच्या दोन फ्रेम आधी तो संपतो. मधले दोन सेकंद पडद्यावर काहीही नाही. सॉफ्टवेअर अशा मोकळ्या जागेत मागचे सबटायटल आपोआप लांबवू पाहते, कारण त्याला वाटते वाचायला आणखी वेळ दिलेला बरा. ही सोय बंद ठेवावी. संवाद संपल्यावर अर्धा सेकंद सबटायटल रेंगाळले तर हरकत नाही, उलट दाट प्रसंगांत तो अर्धा सेकंद उपयोगी पडतो. पण जिथे संकलकाने शांतता ठेवली आहे तिथे सबटायटलनेही पडदा मोकळा करावा.

सबटायटल सुरू होण्याची फ्रेम मात्र ढिली ठेवू नये. आवाज सुरू होतो त्याच फ्रेमवर किंवा पुढच्या दोन फ्रेममध्ये सबटायटल यावे. आवाजाआधी आले, तर आपण पुढे काय होणार हे फोडतो. उशिरा आले, तर वाचनाचा वेळ कमी होतो आणि मजकूर कोणाच्या तोंडी आहे याविषयी क्षणभर गोंधळ होतो. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख बघूनच ही फ्रेम पकडावी, ओठ बघून पकडू नये. आपल्याकडे डबिंग सर्रास होते आणि ओठ व आवाज यांत दोन-तीन फ्रेमचा फरक असणे नवीन नाही.

तू, तुम्ही आणि आपण यांचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रत्येक वाक्यात ते दाखवण्याचा प्रयत्न करू नये. ज्या एका क्षणी पात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते, तो क्षण दाखवावा: आधीच्या प्रसंगांत ते पात्र समोरच्याला आडनावाने किंवा ‘साहेब’ म्हणून हाक मारत असेल तसे लिहावे, आणि त्या क्षणी नुसते नाव घ्यावे. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोली इंग्रजीच्या कोणत्यातरी ग्रामीण बोलीत नेऊ नये. तसे केले की प्रेक्षकाला लगेच दुसरा देश आठवतो. वाक्ये आखूड, साधी ठेवली की पुरते. ओव्या आणि अभंग कथेशी बांधलेले असतील तरच भाषांतरित करावेत, तिरप्या ठशात, आणि धावत्या कडव्याच्या प्रत्येक ओळीमागे न लागता.

आता फाइलविषयी, कारण चांगली सबटायटलही इथे वाया जातात. सबटायटल एडिटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओळीची लांबी, कमाल वेग, किमान वेळ आणि दोन सबटायटलांमधली किमान जागा या मर्यादा घालून ठेवता येतात, आणि मर्यादा ओलांडणारे सबटायटल लाल दिसते. काम सुरू करण्यापूर्वीच टाइमलाइनचा फ्रेमदर संकलकाला विचारून लेखी घ्यावा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच ठेवावा. डीसीपी, म्हणजे चित्रगृहात दाखवायची डिजिटल प्रत, बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचे असते. संकलन २३.९७६ वर झाले असेल आणि चित्र २४ वर चालवले गेले, तर हजारात एकाचा फरक पडतो. तुमच्या १०८ मिनिटांच्या चित्रपटात शेवटाला तो साडेसहा सेकंदांचा होतो. २५ वर संकलन करून २४ चे डीसीपी केले, तर फरक चार मिनिटांच्या वर जातो आणि तो लगेच लक्षात येतो. धोका आहे तो साडेसहा सेकंदांच्या फरकाचा, कारण पहिली दहा मिनिटे सारे ठीक दिसते आणि तपासणारा तिथेच थांबतो. म्हणून नव्या प्रतीत मी नेहमी तीन सबटायटल तपासतो: पहिले, मध्यातले आणि शेवटचे. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल, तर संपूर्ण फाइल तेवढी सरकवावी. फरक हळूहळू वाढत असेल, तर दोष फ्रेमदराचा आहे आणि सरकवून काही होणार नाही, वेळा नव्या दराने मोजून घ्याव्या लागतील.

तिसरा प्रकार खास आपल्याकडचा आहे: फरक अर्ध्या चित्रपटात एकदम उडी मारतो. भारतात चित्रगृहात लागणाऱ्या प्रतीच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र असते, आणि चित्रपटात तंबाखू दिसत असेल तर आरंभी आणि मध्यांतरानंतर आरोग्यविषयक संदेश जोडावे लागतात. महोत्सवाच्या प्रतीतून हे सारे काढले जाते, मध्यांतराची पाटीही जाते. देशातल्या प्रतीवर केलेली फाइल तशीच महोत्सवाच्या प्रतीला लावली, की पूर्वार्धात एक फरक आणि उत्तरार्धात दुसरा. एका महोत्सवात माझ्याच कामाबाबत हे घडले. पूर्वार्ध बरोबर होता, कारण सुरुवातीचा फरक आम्ही दुरुस्त केला होता. उत्तरार्धातली प्रत्येक ओळ संवाद होऊन गेल्यावर अर्ध्या मिनिटाने येत होती, आणि चित्रपट थांबवण्याची सोय नव्हती. त्यानंतर मी एकच नियम केला, की सबटायटल ज्या प्रतीवर तपासायची ती प्रदर्शित होणारीच प्रत असली पाहिजे, आणि तिची लांबी मिनिट, सेकंद आणि फ्रेमसकट फाइलच्या नावात लिहिलेली असली पाहिजे.

सबटायटल चित्रावर कायमची छापावीत की डीसीपीमध्ये वेगळ्या फाइलच्या रूपात ठेवावीत, हे महोत्सवाच्या तांत्रिक पत्रकात दिलेले असते, तेच पाळावे. निवड तुमच्याकडे असेल तर वेगळी ठेवा, म्हणजे एक शब्द सुधारण्यासाठी संपूर्ण प्रत पुन्हा करावी लागत नाही. मात्र एका प्रोजेक्टरवर दिसलेली वेगळी फाइल दुसऱ्यावर नीट दिसेलच असे गृहीत धरू नका, महोत्सवाकडून चाचणी करून घ्या. ठसा पांढरा आणि त्याला बारीक काळी कड असावी. धोतर, दूध किंवा उन्हातली वाळू असलेली दृश्ये आधी शोधून ठेवा आणि तिथे वाचता येते का ते बघा.

जिथे इंग्रजी ही स्थानिक भाषा नाही, तिथे पुष्कळदा इंग्रजी सबटायटल चित्रात राहतात आणि स्थानिक भाषेतली पडद्याखालच्या वेगळ्या पट्टीवर दाखवतात. ती करणारा अनुवादक मराठी जाणत नसतो, तो तुमच्या इंग्रजीवरून काम करतो. आपण ‘भावजी’ काढून ‘तुमचा भाऊ’ लिहिले, पण त्याच्या भाषेत दिरासाठी वेगळा शब्द असू शकतो, किंवा आदरार्थी सर्वनाम असू शकते, आणि आपल्या कापलेल्या इंग्रजीत ही माहिती उरलेली नसते. म्हणून सबटायटलच्या फाइलबरोबर संवादसूची द्यावी. तिच्यात प्रत्येक सबटायटलच्या क्रमांकासमोर कोण कोणाला बोलतो, त्यांचे नाते काय, ‘तू’ आहे की ‘तुम्ही’, आणि मूळ वाक्याचा न कापलेला अर्थ एवढे लिहावे. क्रमांक ४१२ समोर मी लिहीन: “वहिनी धाकट्या दिराला, आदराने; नवऱ्याचे नाव ती घेत नाही.” क्रमांक ४१४ समोर लिहीन: “मूळ संवादात हा एकच शब्द आहे आणि नकार इथेच कळतो, ४१३ मध्ये नकार येऊ देऊ नये.”

शेवटची तपासणी तुम्ही, दिग्दर्शक किंवा संकलक यांनी करून भागत नाही. तुम्हाला मजकूर पाठ आहे, त्यामुळे तुम्ही वाचत नसता, ओळखत असता, आणि कोणताही वेग तुम्हाला पुरेसा वाटतो. मराठी न येणारा आणि पटकथा न वाचलेला माणूस बसवा, शक्य झाले तर चित्रगृहात, नाहीतर प्रोजेक्टरवर, आणि तुम्ही पडद्याकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघा. जिथे त्याची नजर सलग खालीच राहते, तिथली वेळ लिहून घ्या. तुमच्या आधीच्या दोन प्रेक्षकांनाही पुन्हा बोलवायला हरकत नाही, पण आता त्यांना कथा ठाऊक आहे, तेव्हा तिसरा माणूस नवा हवा. टिपलेल्या प्रत्येक वेळेशी जाऊन तिथले सबटायटल मोजा. १७ च्या वर असेल तर कापा, आणि १५ च्या खाली असूनही नजर अडकली असेल तर ओळ चुकीच्या जागी तुटली आहे किंवा इंग्रजी वाक्य वाकडे झाले आहे, ते बघा.